रेंज आल्यावरचा दुसरा मेसेज

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी, अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात पाचनई हे गाव आहे. गडावर जाणारी सगळ्यांत सोपी वाट इथून निघते, त्यामुळे शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे ट्रेकर इथे उतरतात, गावातल्या घरांत पिठलं-भाकरी खातात आणि ओसरीवर झोपतात. जेवणाची आणि मुक्कामाची बोलणी आधी फोनवर व्हावी लागतात. पण चहूबाजूंनी सह्याद्रीच्या भिंती उभ्या असलेल्या अशा गावांत मोबाइलची रेंज भरवशाची नसते. टॉवरची लहर डोंगर भेदून पलीकडे पोचत नाही. कड्याच्या सावलीत आलेला फोन मुका होतो आणि बाजाराच्या गावाला गेलं की अडकलेले सगळे मेसेज एकदम खणखणतात.

समजा, पुण्याच्या एका ट्रेकरने गुरुवारी सकाळी 9 वाजून 12 मिनिटांनी पाचनईतल्या एका घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, ‘नमस्कार दादा’. एवढंच. घरमालक संध्याकाळी 5 वाजून 40 मिनिटांनी किराणा आणायला राजूरला आला, तेव्हा त्याच्या फोनला तो मेसेज मिळाला. त्याने लगेच लिहिलं, ‘नमस्कार’. साडेआठ तासांनी का होईना, नमस्काराला नमस्कार मिळाला. आता पुढे काय लिहायचं? परतीची जीप साडेसहाला आहे आणि त्यानंतर पुन्हा रेंज नाही. हातात जेमतेम पाऊण तास आहे.

या प्रकरणाचा विषय तो दुसरा मेसेज आहे. उशिरा दिलेल्या नमस्कारापाठोपाठ जाणारा, छोटा, आणि माफीच्या ओझ्याखाली न दबलेला.

नमस्काराचं उत्तर पुरेसं का नसतं

टेलिफोनवरचं संभाषण सुरू कसं होतं, याचा पहिला बारकाईचा अभ्यास इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने केला. 1968 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधासाठी त्याने पोलिसांकडे आलेल्या आणि पोलिसांनी केलेल्या सुमारे 500 फोनची ध्वनिमुद्रणं तपासली. फोन उचलणारा आधी बोलतो, असा नियम त्याला सगळीकडे दिसला. फक्त एका फोनमध्ये तो मोडला होता. त्या एकाला अपवाद म्हणून बाजूला न सारता शेग्लॉफने नियमच नव्याने मांडला. फोनची घंटा ही हाक असते, उचलणाऱ्याचं ‘हॅलो’ ही त्या हाकेला दिलेली ओ असते, आणि ओ मिळाली की पुढचं बोलण्याची जबाबदारी हाक मारणाऱ्यावर येते. आपण कोणाला ‘अहो काका’ म्हणून हाक मारली आणि त्यांनी ‘काय रे?’ म्हटलं, तर गप्प राहता येत नाही. काहीतरी सांगावंच लागतं.

समोरासमोर ही साखळी अतिशय वेगाने चालते. 2009 साली दहा भाषांमधल्या प्रश्नोत्तरांचा एक तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॅनिशपासून जपानीपर्यंतच्या त्या भाषांत प्रश्न संपल्यावर उत्तर सुरू व्हायला सरासरी सुमारे 0.2 सेकंद लागतात, असं त्यात आढळलं. भाषेगणिक थोडा फरक होता, पण तोही सेकंदाच्या अंशांतच. इतक्या थोड्या वेळात हाक मारणारा कुठे जात नाही. त्याला काय विचारायचं होतं ते त्याच्या ओठांवरच असतं.

पाचनईच्या उदाहरणात हाक आणि ओ यांच्यात साडेआठ तास गेले आहेत. हाक मारणारा आता फोनकडे बघत बसलेला नाही. तो ऑफिसातून निघाला असेल, गाडी चालवत असेल, किंवा कंटाळून त्याने दुसऱ्या घरमालकाला विचारलंही असेल. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे पुढचं बोलण्याची पाळी त्याची आहे, पण तो सात वाजता ती पाळी घेईल तेव्हा घरमालक रेंजच्या बाहेर गेलेला असेल. मग त्याचा प्रश्न शुक्रवारपर्यंत अडकणार, त्याचं उत्तर शुक्रवारी जाणार, आणि त्या उत्तरात पुन्हा ‘किती जण?’ असा प्रश्न असणार. शनिवारी पहाटे ट्रेकर गाडीतून उतरतील तेव्हा बोलणी अर्धीच झालेली असतील.

म्हणून रेंज तुटक असेल तर पाळीचा रिवाज बाजूला ठेवावा लागतो. ज्याला उत्तर द्यायला उशीर झाला, त्यानेच पुढचं पाऊलही टाकायचं. ‘नमस्कार’ लिहून थांबणं सभ्य दिसतं, पण त्याने समोरच्याचा आणखी एक दिवस जातो.

लांब माफी कुठे अडकते

आता बहुतेक माणसं काय लिहितात ते पाहू. भिडस्त घरमालकाचा मेसेज असा असेल:

‘सॉरी सॉरी दादा, खरंच मनापासून माफी मागतो, तुमचा मेसेज सकाळीच आलेला होता पण आमच्याकडे टॉवरचा प्रॉब्लेम आहे, दोन दिवस लाइटपण नव्हती, फोन चार्ज नव्हता, नंतर शेतात गेलो, कृपया राग मानू नका, पुढच्या वेळी असं होणार नाही.’

लिहिणाऱ्याच्या भावना खऱ्या आहेत, पण हा मेसेज तीन ठिकाणी अडतो.

पहिली अडचण कारणांच्या संख्येची आहे. टॉवर, वीज, चार्जिंग आणि शेत अशी चार कारणं एका दमात आली की वाचणाऱ्याला एकाचीही खात्री वाटत नाही. फोन चार्जच नव्हता तर मेसेज ‘सकाळीच आलेला’ कसा? खरं कारण एकच होतं, रेंज नव्हती. ते एकटं असतं तर चटकन पटलं असतं.

दुसरी अडचण शेवटच्या वचनाची आहे. माफी मागण्याच्या रीतींचा अभ्यास करणाऱ्या एलिट ओल्श्टाइन आणि अँड्र्यू कोहेन या भाषाअभ्यासकांनी 1983 साली माफीचे पाच भाग मांडले: थेट दिलगिरीचे शब्द, घडल्याचं कारण, चूक आपली असल्याची कबुली, भरपाईची तयारी, आणि पुन्हा असं न होण्याचं वचन. प्रत्येक माफीत पाचही भाग लागतात असं नाही. प्रसंग पाहून त्यातले निवडायचे असतात. रेंज नसल्याच्या प्रसंगाला ही यादी लावून पाहिली की निवड आपोआप होते. चूक घरमालकाची नाही, म्हणून कबुली लागू पडत नाही. डोंगर जिथे आहे तिथेच राहणार आहे, म्हणून ‘पुढच्या वेळी असं होणार नाही’ हे वचन खोटं ठरणार आहे. पुढच्याच गुरुवारी ते मोडेल. उरतात ते कारण आणि भरपाई. कारणाला एक छोटं वाक्य पुरतं. भरपाई म्हणजे उशिरामुळे अडलेलं काम पुढे नेणं, आणि मेसेजची बाकी सगळी जागा त्यासाठी आहे.

तिसरी अडचण सगळ्यांत महाग पडते. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1971 साली दाखवून दिलं की माफी ही एकट्याने पुरी होत नाही. एकाने दिलगिरी व्यक्त केली की दुसऱ्याने त्याला मोकळं करावं लागतं, आणि ते झाल्याशिवाय दोघांनाही मूळ विषयाकडे वळता येत नाही. मराठीत हे काम ‘हरकत नाही’, ‘असू द्या हो’, ‘चालायचंच’ असे शब्द करतात. माफी जितकी लांब, तितकं समजावणंही लांब लागतं. पुण्याचा ट्रेकर सभ्य असेल तर तो लिहिणार, ‘अहो दादा, काहीच हरकत नाही, नका वाईट वाटून घेऊ.’ यात तारीख नाही, माणसांचा आकडा नाही, काहीच नाही. गप्पांमध्ये या देवघेवीला दोन सेकंद लागतात. पाचनईत मेसेजची एक फेरी म्हणजे अर्धा दिवस, आणि तो अर्धा दिवस सांत्वनात जातो.

कारण समोरच्याला आधीच दिसलेलं असतं

छोट्या कारणावर विश्वास बसेल का, ही शंका येते. पण व्हॉट्सअ‍ॅपमध्ये उशिराची नोंद समोरच्याच्या पडद्यावर आपोआप होत असते. मेसेज फोनमधून बाहेर पडेपर्यंत त्याच्याजवळ घड्याळाचं चिन्ह असतं. बाहेर पडून सर्व्हरपर्यंत पोचला की एक करडी टिक येते. समोरच्या फोनवर उतरला की दोन करड्या टिक होतात, आणि वाचला गेला की त्या निळ्या होतात. समोरचा फोन रेंजमध्ये नसेल तर मेसेज सर्व्हरवर थांबतो. न पोचलेला मेसेज तिथे 30 दिवसांपर्यंत ठेवला जातो.

म्हणजे पुण्याच्या ट्रेकरने दुपारी दोन वाजता चॅट उघडून पाहिलं असेल, तर त्याला ‘नमस्कार दादा’पुढे एकच टिक दिसली असेल. मेसेज पोचलेला नाही, हे त्याला घरमालकाच्याही आधी कळलं आहे. शंका असेल तर मेसेज दाबून धरून त्याची माहिती उघडता येते. तो कधी पोचला आणि कधी वाचला गेला या वेळा तिथे वेगवेगळ्या दिसतात. 5 वाजून 40 मिनिटांनी पोचला, 5 वाजून 41 मिनिटांनी वाचला आणि 5 वाजून 42 मिनिटांनी उत्तर आलं, हे दिसल्यावर आणखी पुरावा लागत नाही. फोन लावून पाहिला असेल तर संपर्क क्षेत्राबाहेर असल्याची सूचनाही त्याने ऐकलेली असते. म्हणून ‘रेंज नव्हती’ हे दोनच शब्द पुरेसे होतात.

मात्र एक टिक म्हणजे दर वेळी रेंज नसणं असं नाही. फोन बंद असेल, डेटा बंद ठेवला असेल किंवा नंबर ब्लॉक केला असेल, तरी एकच टिक दिसते. त्यामुळे कारण अजिबात न लिहिणंही बरोबर नाही. समोरच्याच्या मनात दोन-तीन शक्यता असतात, त्यांतली खरी कोणती हे एका वाक्याने ठरतं.

एका परिस्थितीत मात्र हे वाक्य उलटतं. मेसेज सकाळी दहालाच वाचला गेला, टिक निळ्या झाल्या, आणि उत्तर संध्याकाळी सहाला गेलं, तर ‘मेसेज आत्ताच मिळाला’ हे समोरच्याला उघड खोटं दिसतं. असं घडण्याचं खरं कारण बहुधा वेगळं असतं. डोंगराच्या कडेला क्षणभर रेंज आली, मेसेज उतरला आणि वाचला, उत्तरही लिहिलं, पण ते निघण्याआधी रेंज गेली आणि उत्तरापुढे घड्याळ फिरत राहिलं. तेव्हा जे घडलं तेच लिहावं: ‘सकाळी वाचलं होतं, उत्तर निघालं नाही, रेंज गेली.’ वाचून विसरलो असू तर रेंजचं नावही घेऊ नये. ‘सकाळी वाचलं, उत्तर द्यायचं राहून गेलं’ हे प्रामाणिक आहे आणि तितकंच छोटं आहे.

दुसरा मेसेज कसा बांधायचा

आता घरमालकाच्या हातातला पाऊण तास वापरू. ट्रेकरने काय विचारायचं ठरवलं आहे हे त्याला माहीत नाही. पण गुरुवारी अनोळखी नंबरावरून ‘नमस्कार दादा’ आलं, म्हणजे शनिवार-रविवारची चौकशी असण्याची शक्यता मोठी आहे. त्या अंदाजावर तो लिहितो:

‘नमस्कार दादा. सकाळचा मेसेज आत्ता मिळाला, गावात रेंज नसते. गडासाठी विचारत असाल तर शनिवारी-रविवारी जेवण आणि मुक्काम दोन्ही होईल. तारीख, किती जण, आणि जेवण किती वेळचं, हे लिहून ठेवा. मी शुक्रवारी सकाळी 10 वाजता राजूरला आहे, तेव्हा वाचून पक्कं कळवतो.’

यात दिलगिरीचा एकही शब्द नाही, तरीही तो उद्धट वाटत नाही. कोरडेपणा टाळण्याचं काम इथे माफीऐवजी ‘दादा’ हे संबोधन आणि पुढची तयारी करतात. मेसेजचे चार भाग आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

पहिला भाग उशिराची नोंद करतो, एका कारणासह. ‘सकाळचा मेसेज’ या शब्दांनी तो नेमक्या कोणत्या हाकेला ओ देतो आहे हे सांगतो. चॅट लांबलचक असेल तर मूळ मेसेज बोटाने सरकवून त्याला जोडून उत्तर देणं आणखी चांगलं.

दुसरा भाग अंदाजाने का होईना, उत्तर देऊन टाकतो. अंदाज चुकला तरी नुकसान नाही, कारण ‘विचारत असाल तर’ या शब्दांनी वाट मोकळी ठेवली आहे. अंदाज बरोबर निघाला तर एक पूर्ण फेरी वाचली.

तिसरा भाग समोरच्याकडून हवी असलेली माहिती एकदम मागतो. ‘किती जण?’ असा एकच प्रश्न विचारला, तर त्याच्या उत्तरानंतर जेवणाचा प्रश्न उरतो आणि आणखी एक फेरी लागते. ‘लिहून ठेवा’ या शब्दांत एक सूचनाही आहे: तुम्ही लिहाल तेव्हा मी रेंजमध्ये नसेन, तरी लिहाच.

चौथा भाग बहुतेक लोक विसरतात, आणि तुटक रेंजमध्ये तोच सर्वांत मोलाचा आहे. आपण पुढे कधी सापडू, हे तो सांगतो. झालेल्या उशिराचं कोणालाच आता काही करता येणार नाही. पुढचा उशीर किती असेल हे कळलं, तर मात्र समोरचा त्याप्रमाणे आखणी करू शकतो. शुक्रवारी 10 वाजता पक्कं कळणार असेल तर ट्रेकर रात्री अकरापर्यंत टिक पाहत बसणार नाही, आणि दुसरी सोयही शोधणार नाही. माफीतून जो आदर दाखवायचा असतो, तो या एका वेळेतून जास्त पोचतो.

आता दोन्ही वाटा ताडून पाहू. नुसता ‘नमस्कार’ गेला असता तर ट्रेकरचा खरा प्रश्न गुरुवारी रात्री निघाला असता, घरमालकाने तो शुक्रवारी दहाला वाचून उलट प्रश्न विचारले असते, आणि पक्कं ठरणं ट्रेकर त्या क्षणी ऑनलाइन असण्यावर अवलंबून राहिलं असतं. वरच्या मेसेजनंतर ट्रेकर गुरुवारी रात्री लिहितो, ‘शनिवारी 14 जण, दुपारचं आणि रात्रीचं जेवण, मुक्काम, सगळे शाकाहारी.’ शुक्रवारी दहाला घरमालक लिहितो, ‘पक्कं. घरी 14 जणांचं सांगतो.’ त्याच फेरीत तो किराणाही घेऊन जातो.

शब्दांच्या बारीक अडचणी

उशिरा पोचणाऱ्या मेसेजमध्ये ‘आज’, ‘उद्या’ आणि ‘आत्ता’ हे शब्द सांभाळून वापरावे लागतात. घरमालकाने गुरुवारी ‘उद्या दहाला कळवतो’ असं लिहिलं आणि तो मेसेज घड्याळाच्या चिन्हासह अडकून शुक्रवारी सकाळी निघाला, तर वाचणाऱ्याच्या दृष्टीने ‘उद्या’ म्हणजे शनिवार होतो. वार आणि वेळ लिहिली की मेसेज कधीही पोचला तरी अर्थ बदलत नाही. वरच्या मेसेजमध्ये ‘शुक्रवारी सकाळी 10’ आहे ते याचसाठी. ‘आत्ता मिळाला’ मात्र चालतं, कारण ते घडून गेलेल्या गोष्टीबद्दल आहे, त्यावर कोणाची आखणी अवलंबून नाही.

नमस्काराच्या शब्दालाही वेळ असते. सकाळी आलेल्या ‘शुभ प्रभात’ला संध्याकाळी सहाला ‘शुभ प्रभात’ लिहिलं की विचित्र दिसतं, आणि ‘शुभ संध्याकाळ’ लिहिलं की उशिराकडेच बोट जातं. ‘नमस्कार’, ‘राम राम’ किंवा नुसतं ‘दादा’, ‘ताई’, ‘काका’ ही संबोधनं कोणत्याही वेळेला चालतात.

मजकूर एकाच मेसेजमध्ये लिहावा. सवयीने अनेक जण ‘नमस्कार’, मग ‘सॉरी’, मग ‘रेंज नव्हती’, मग मुद्दा, असे चार तुकडे पाठवतात. रेंज मध्येच गेली तर पहिले तीन जातात आणि मुद्दा मागे राहतो. समोरच्याला दिसते ती फक्त माफी. आवाजी मेसेजची अडचण वेगळी आहे. लिहिलेल्या चार ओळींना अगदी थोडा डेटा लागतो. मिनिटभराच्या ध्वनिमुद्रणाला त्याच्या कितीतरी पट लागतो, आणि तेवढा वेळ लहर टिकली नाही तर ते अर्ध्यावर थांबतं. म्हणूनच जिथे फोनवर बोलणं तुटत राहतं तिथेही लिहिलेला मेसेज जातो. बोलायला अखंड लहर लागते. मेसेज मात्र फटीची वाट पाहतो आणि फट सापडली की निघतो.

डेटा अजिबात नसेल पण फोनवर रेंजची एखादी काडी दिसत असेल, तर साधा एसएमएस बऱ्याचदा जातो. तिथे जागा मोजकी असते. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये 160 चिन्हं मावतात, देवनागरीत 70. शिवाय देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हे प्रत्येकी एक चिन्ह धरलं जातं. ‘नमस्कार’ वाचताना चार-पाच अक्षरांचा वाटला तरी मोजणीत सात चिन्हांचा होतो. सत्तरच्या पुढे गेलं की मेसेजचे दोन तुकडे होतात. घरमालकाचा मेसेज सत्तरच्या आत असा बसतो:

‘नमस्कार. रेंज नव्हती. शनि-रवि सोय आहे. किती जण? शुक्र 10 ला बघतो.’

रिकाम्या जागा धरून ही 65 चिन्हं होतात. चारही भाग यात आहेत. माफी घालायची म्हटली असती तर यातला एखादा भाग काढावा लागला असता.

माणूस बदलला की

हाच साचा घरच्या माणसांना लावताना गाळायच्या गोष्टी बदलतात. नाशिकच्या आत्याने सकाळी ‘कशी आहेस ग?’ असं विचारलं आणि भाची दिवसभर माळशेज घाटातल्या वाडीत सर्वेक्षणाला गेली होती, तर तिचा दुसरा मेसेज असा असेल: ‘आत्या, मी बरी आहे. घाटात रेंज नव्हती. तुमचा गुडघा कसा आहे? रात्री 9 नंतर घरी असेन, फोन करते.’ इथे कामाची माहिती नाही. तिच्या जागी आत्याच्या तब्येतीची विचारपूस आहे. वडीलधाऱ्यांना उशीर झाल्याचं दुःख क्वचितच असतं. काळजी असते, म्हणून ‘मी बरी आहे’ हे पहिल्याच वाक्यात यायला हवं. कारण त्यानंतर.

वरिष्ठांशी किंवा सरकारी अधिकाऱ्यांशी बोलताना एक औपचारिक शब्द ठेवायला हरकत नाही. दुर्गम भागातल्या शाळेच्या शिक्षिकेला केंद्रप्रमुखांनी ‘नमस्कार मॅडम’ असा मेसेज केला होता. तिचं उशिराचं उत्तर असं जाईल: ‘नमस्कार सर. शाळेत नेटवर्क नसल्याने उत्तरास विलंब झाला. पटसंख्येची माहिती हवी असल्यास तयार आहे, तालुक्याला पोचल्यावर सोमवारी 11 पर्यंत पाठवते.’ ‘विलंब झाला’ ही घटनेची नोंद आहे. ‘क्षमस्व’ जोडायचंच असेल तर एकदाच, आणि मुद्द्याच्या आधी, म्हणजे मेसेज माफीवर संपत नाही. शेवटच्या वाक्याला समोरचा उत्तर देतो, म्हणून शेवटचं वाक्य कामाचं असावं.

मराठी पत्रव्यवहाराला ही रीत नवी नाही. पेशवेकालीन पत्रांत आरंभी ‘पत्र पावले, मजकूर कळला’ अशा धाटणीची पोच असायची आणि लगेच उत्तराचा मजकूर सुरू व्हायचा. जासूद आणि सांडणीस्वारांच्या हातून पत्र पोचायला दिवस लागत, नदीला पूर आला की आणखी लागत. वाटेतल्या उशिराबद्दल लिहिणाऱ्याने माफी मागण्याचा प्रश्नच नव्हता. कोणतं पत्र मिळालं आणि त्यावर काय करायचं, हे कळणं महत्त्वाचं होतं.

माफी कधी मागायची

या सगळ्याला मर्यादा आहे. उशिराने समोरच्याचं नुकसान झालं असेल, तर कारण रेंजचं असलं तरी दिलगिरी लागते. ‘हॅलो’ पाठवणारा दवाखान्यातून पैशांची मदत मागणार होता, किंवा कोणाच्या निधनाची बातमी सांगणार होता, हे नंतर कळलं तर ‘रेंज नव्हती’ एवढंच लिहिणं क्रूर वाटेल. तिथेही लांबी उपयोगी नाही. ‘वेळेवर पोचू शकलो नाही, वाईट वाटतं. आत्ता राजूरला आहे, फोन करतो’ एवढं लिहावं आणि खरोखर फोन करावा. पैसे गेले असतील, गाडी चुकली असेल, दुसऱ्याने आपल्या भरवशावर नकार दिला असेल, तर झालेल्या नुकसानीचं नाव घेऊन एकदा माफी मागावी. नाव न घेता पाच वेळा ‘सॉरी’ लिहिलं तर समोरच्याला आपलं नुकसान याला कळलंच नाही असं वाटतं.

आणि एकाच माणसाला दर आठवड्याला ‘रेंज नव्हती’ लिहावं लागत असेल, तर वाक्य सुधारून भागणार नाही. पाचनईच्या घरमालकाने आपल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या माहितीच्या ओळीतच ‘गावात रेंज नाही, रोज संध्याकाळी मेसेज बघतो’ असं लिहून ठेवलं, किंवा राजूरला राहणाऱ्या पुतण्याचा नंबर दिला, तर निम्मे दुसरे मेसेज लिहावेच लागणार नाहीत.

उशिरा उत्तर मिळालेल्या माणसाच्या हातातही थोडं आहे. घरमालकाचा मेसेज आल्यावर ‘कुठे होतात दिवसभर?’ असं विचारू नये, आणि ‘हरकत नाही’ लिहून थांबूही नये. मागितलेली माहिती तेवढी द्यावी. त्याहून चांगलं म्हणजे पहिला नमस्कार पाठवतानाच त्याच मेसेजमध्ये तारीख, माणसांची संख्या आणि मुक्काम करायचा की फक्त जेवायचं, हे लिहावं. गडाच्या पायथ्याच्या गावात कोणालाही मेसेज पाठवण्याआधी वाचकांनी एवढं जरूर करावं. तिथल्या माणसाला रेंजची पहिली फट मिळेल, तेव्हा तो थेट ‘हो’ किंवा ‘नाही’ कळवू शकेल.